वायफाय जोडलेले, इंटरनेट मात्र नाही

कामानिमित्त दोन-तीन महिने परगावी राहणाऱ्यांच्या बॅगेत हल्ली लॅपटॉपबरोबर टीव्हीला लावायची स्टिकही असते. पीजीत राहायला जाणारी मुले वर्गणी काढून बत्तीस इंची स्मार्ट टीव्ही घेतात. हॉटेलांच्या खोल्यांत तर तो भिंतीवर लावलेलाच असतो. पहिल्या संध्याकाळी मात्र एकच अडचण सगळ्यांसमोर येते. फोनवर वायफाय निवडले की एक पान आपोआप उघडते, त्यात खोलीचा नंबर आणि आडनाव टाकले किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी भरला की काम होते. टीव्हीवर तेच वायफाय निवडले, तर सिग्नलच्या चारही रेघा दिसतात, ‘कनेक्टेड’ असेही लिहून येते आणि त्याखाली ‘नो इंटरनेट’. ॲप उघडले की गोल चक्र फिरत राहते. रिसेप्शनवर फोन केला तर उत्तर मिळते, ‘सर, वायफाय चालू आहे, बाकी कुणाची तक्रार नाही.’

रिसेप्शनवरचा माणूस खरेच सांगत असतो. वायफाय चालू असते आणि टीव्हीही बिघडलेला नसतो. लॉगिनचे पान टीव्हीपर्यंत येते, पण ते दाखवायला त्याच्याकडे काही नसते, एवढीच अडचण असते.

या पानाला ‘कॅप्टिव्ह पोर्टल’ म्हणतात. घरच्या वायफायला पासवर्ड असतो आणि तो जोडणीच्या वेळीच मागितला जातो. हॉटेलचे वायफाय बहुधा उघडे असते किंवा त्याचा पासवर्ड सगळ्यांना सारखाच असतो. जोडणी कुणालाही मिळते, अडवणूक त्याच्या पुढे होते. हॉटेलच्या इंटरनेटच्या तोंडाशी गेटवे नावाचे एक यंत्र बसवलेले असते. नव्या उपकरणाला ते आयपी पत्ता देते, पण बाहेरचा रस्ता बंद ठेवते. उपकरणाने एखादे साधे, म्हणजे http:// ने सुरू होणारे पान मागितले, की गेटवे मध्येच ती मागणी उचलतो आणि ‘आधी इकडे जा’ म्हणून लॉगिनच्या पानाकडे पाठवतो.

फोनवर हे पान आपोआप कसे येते? कोणत्याही वायफायला जोडल्यावर अँड्रॉइडचा फोन लगेच गूगलकडे एक छोटी चाचणी पाठवतो. चाचणीचा पत्ता असा आहे:

```
http://connectivitycheck.gstatic.com/generate_204
```

इंटरनेट मोकळे असेल तर या पत्त्यावरून २०४ या क्रमांकाचे कोरे उत्तर येते. कोऱ्या उत्तराऐवजी दुसरेच पान आले, तर मध्ये कुणीतरी अडवले आहे हे फोन ओळखतो आणि ते पान छोट्या खिडकीत दाखवतो. आयफोन याच कामासाठी captive.apple.com ला विचारतो आणि तिथून ‘Success’ हा शब्द येतो का ते पाहतो. टीव्हीही अशीच चाचणी करतो. उत्तर बरोबर आले नाही हे त्याला कळते, पण बहुतेक टीव्हींमध्ये पुढची खिडकी उघडण्याची सोयच ठेवलेली नसते. म्हणून तो ‘इंटरनेट नाही’ एवढेच लिहून थांबतो.

भारतात या पानावर मोबाइल नंबर आणि ओटीपी मागितला जातो. त्यामागे एक कारण आहे आणि त्याचा एक धागा नवी मुंबईपर्यंत येतो. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. पोलिसांनी त्याचा माग काढला, तेव्हा तो सानपाड्यातल्या एका फ्लॅटच्या वायफायवरून पाठवल्याचे निघाले. तिथे राहणाऱ्या परदेशी नागरिकाच्या उघड्या वायफायचा दुसऱ्याच कुणीतरी वापर केला होता. पुढे फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफायबाबत सूचना काढल्या. सार्वजनिक ठिकाणी वायफाय देताना वापरणाऱ्याची ओळख ठेवलीच पाहिजे, एक तर फोटो असलेल्या ओळखपत्राची प्रत घ्यावी किंवा लॉगिन आणि पासवर्ड एसएमएसने मोबाइलवर पाठवावा, असे त्यात सांगितले होते. म्हणजे हॉटेलवाला उगीच त्रास देतो म्हणून हे पान येत नाही. ते टाळायचे नाही, रीतसर भरायचे आहे. फक्त ते टीव्हीवरच भरावे लागते, हा समज सोडून द्यायला हवा.

कारण लॉगिन झाल्यावर गेटवे बहुधा जे लक्षात ठेवतो, तो असतो उपकरणाचा मॅक ॲड्रेस. प्रत्येक वायफाय कार्डाला बारा अक्षर-अंकांचा एक पत्ता असतो, उदाहरणार्थ A4:3B:0C:17:9E:52. सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन वहीत गाडीचा नंबर लिहून घेतो आणि पुढच्या वेळी नंबर पाहून गाडी आत सोडतो, चालवणारा कोण हे पाहत नाही. गेटवेही तसाच वागतो. ओटीपी कुठल्या पडद्यावर भरला याच्याशी त्याला देणेघेणे नसते. या पत्त्यावरून आलेल्या उपकरणाला उद्या दुपारी बारापर्यंत सोडायचे, एवढीच नोंद त्याच्याकडे होते. त्यामुळे टीव्हीला इंटरनेटवर आणायचे दोनच रस्ते उरतात. एक तर टीव्हीचा पत्ता त्या वहीत चढवायचा, नाही तर आधीच वहीत असलेल्या उपकरणाच्या मागून टीव्हीला आत न्यायचे.

पहिल्या रस्त्यातला सर्वांत सोपा प्रकार म्हणजे टीव्हीचाच ब्राउझर. सॅमसंग आणि एलजीच्या स्मार्ट टीव्हींमध्ये ब्राउझर असतो. ॲमेझॉनच्या फायर टीव्ही स्टिकवर असे वायफाय निवडले की लॉगिनचे पान उघडण्याची सोय आहे, आणि रिमोटने एकेक अक्षर निवडून ते भरता येते. अँड्रॉइड टीव्ही आणि गूगल टीव्हीमध्ये मात्र भरवसा नाही. काहींत पान उघडते, काहींत काहीच होत नाही. क्रोमकास्टच्या जुन्या, रिमोट नसलेल्या प्रकारात ती सोयच नाही.

ब्राउझर असूनही अनेकांची गाडी इथेच अडते. लोक सवयीने गूगल किंवा यूट्यूब उघडून पाहतात. या साइट https:// ने सुरू होतात. ती जोडणी कुलूपबंद असते आणि तिच्यात गेटवेला स्वतःचे पान घुसवता येत नाही. तसा प्रयत्न झाला तर ब्राउझर सुरक्षिततेचा इशारा दाखवतो किंवा पान कोरेच राहते. म्हणून टीव्हीच्या ब्राउझरमध्ये मुद्दाम कुलूप नसलेला पत्ता टाकावा लागतो. अशाच गरजेसाठी एक साइट बनवलेली आहे:

```
http://neverssl.com
```

हा पत्ता http:// सकट पूर्ण टाइप करावा. गेटवेला मागणी अडवता येते आणि लॉगिनचे पान समोर येते. ओटीपी आपल्याच फोनवर येतो, तो रिमोटने भरायचा. हे जमले तर पुढचे काहीच करावे लागत नाही.

ब्राउझर नसेल, तर टीव्हीचा पत्ता वहीत चढवून घेण्यासाठी रिसेप्शनला सांगता येते. मोठ्या हॉटेलांत आणि व्यवस्थित चालवलेल्या वसतिगृहांत, ‘या मॅक ॲड्रेसला लॉगिनशिवाय सोडा’ असे आयटीवाल्याला गेटवेत लिहिता येते. ‘टीव्हीवर वायफाय लागत नाही’ अशी तक्रार केली, तर एखादा मुलगा येऊन रिमोटची बटणे दाबून जातो. ‘खोली ३०४, टीव्हीचा मॅक ॲड्रेस अमुक, तो गेटवेवर ऑथराइज करून हवा आहे, चेकआउट अमुक तारखेला’ असे कागदावर लिहून दिले, तर काम नेमक्या माणसाकडे जाते. हा पत्ता टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये बहुधा About या नावाखाली सापडतो. सॅमसंगमध्ये Support खालच्या About This TV मध्ये, फायर टीव्हीत My Fire TV, मग About, मग Network असे जावे लागते.

पत्ता उतरवून घेताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. टीव्हीला केबलचा एक आणि वायफायचा दुसरा असे दोन मॅक ॲड्रेस असू शकतात. वायफायवर जोडायचे असेल तर वायफायचाच द्यायला हवा, नाही तर नोंद होऊनही टीव्ही बाहेरच राहतो. दुसरी गोष्ट नव्या उपकरणांची. माग काढला जाऊ नये म्हणून आजचे फोन प्रत्येक वायफायला वेगळा, बनवलेला पत्ता दाखवतात. काही नव्या गूगल टीव्ही उपकरणांतही तशी सोय आहे. हा बनवलेला पत्ता ओळखायची खूण सोपी आहे, त्यातले दुसरे अक्षर २, ६, A किंवा E असते. D6 ने सुरू होणारा पत्ता दिसला तर तो कारखान्यातला नव्हे. अशा वेळी त्या वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन उपकरणाचा मूळ पत्ता वापरण्याचा पर्याय निवडावा आणि मग तो रिसेप्शनला द्यावा. नाही तर वायफाय एकदा ‘विसरून’ पुन्हा जोडले, की पत्ता बदलू शकतो आणि झालेली नोंद वाया जाते.

परदेशातल्या विद्यापीठांच्या वसतिगृहांत हा रस्ता बराच रुळलेला आहे. अमेरिकेला शिकायला गेलेल्या मराठी मुलांना तिथे अनेकदा एक वेगळे संकेतस्थळ दिले जाते. लॅपटॉपवर त्यात लॉगिन करायचे आणि आपल्या टीव्हीचा किंवा गेमिंग कन्सोलचा मॅक ॲड्रेस स्वतःच नोंदवायचा. रिसेप्शनकडे जावे लागत नाही.

उपकरण बनवणाऱ्यांनीही यावर काम केले आहे. अमेरिकेत खपणाऱ्या रोकू या उपकरणात २०१४ पासून हॉटेल आणि वसतिगृहासाठी खास सोय आहे. नेटवर्क जोडताना ‘मी हॉटेलात आहे’ असा पर्याय निवडला, की रोकू स्वतःचे तात्पुरते वायफाय सुरू करतो. फोन त्याला जोडायचा आणि लॉगिनचे पान फोनवर भरायचे. ते पान रोकूमार्फत आलेले असल्यामुळे गेटवेच्या वहीत पत्ता रोकूचाच चढतो. ॲपल टीव्हीने मार्च २०२२ मध्ये, tvOS 15.4 पासून, आयफोन किंवा आयपॅडवर लॉगिन करून घेण्याची सोय दिली. हे फार अवघड काम नाही हे या दोन उदाहरणांवरून दिसते. बाकीच्या कंपन्यांनी ते प्रत्येक टीव्हीत द्यायला हवे.

आपल्याकडे सर्वाधिक उपयोगी पडतो तो दुसरा रस्ता, म्हणजे लॅपटॉपच्या मागून टीव्हीला नेण्याचा. त्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही आणि कुणाची परवानगी येईपर्यंत थांबावेही लागत नाही. एक उदाहरण घेऊ. समजा, साताऱ्याचे एक जोडपे महिनाभरासाठी नागपूरच्या एका सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये उतरले आहे. खोलीत अँड्रॉइड टीव्ही आहे, त्यात ब्राउझर नाही. सोबत विंडोज ११ चा लॅपटॉप आहे. वायफाय ओटीपीवर चालते.

आधी लॅपटॉप हॉटेलच्या वायफायला जोडून, पान भरून, इंटरनेट खरेच चालते याची खात्री करून घ्यायची. ऑफिसचे व्हीपीएन चालू असेल तर ते बंद करायचे. मग fast.com उघडून वेग पाहायचा. समजा तो २० एमबीपीएस आला. हा आकडा लक्षात ठेवायचा, तो पुढे लागणार आहे.

आता लॅपटॉपच्या Settings मध्ये Network & internet आणि त्यात Mobile hotspot. इथे दोन प्रश्न असतात. इंटरनेट कुठून घ्यायचे, याला उत्तर Wi-Fi. ते कशावरून वाटायचे, याचेही उत्तर Wi-Fi. अनेकांना इथे शंका येते, की ज्या वायफायवरून इंटरनेट घेतो त्याच कार्डावरून ते पुन्हा कसे देता येईल? विंडोजमध्ये ते चालते. लॅपटॉप एकाच वेळी हॉटेलचा पाहुणा आणि स्वतःचा छोटा राउटर अशी दोन्ही कामे करतो आणि आठ उपकरणांपर्यंत जोडणी देतो. मॅकबुकमध्ये वायफायवर घेतलेले इंटरनेट वायफायवरच वाटता येत नाही, तिथे केबलने टीव्हीला द्यावे लागते.

मग Edit दाबून हॉटस्पॉटला सोपे नाव आणि पासवर्ड द्यायचा. रिमोटने टाइप करायचे आहे हे लक्षात ठेवून पासवर्ड आठ-दहा छोट्या अक्षरांचा ठेवला तर बरे. तिथेच बँड निवडता येतो. स्वस्त टीव्हींना फक्त २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय दिसते, म्हणून तोच निवडावा. त्याच पानावर, कुणी जोडलेले नसेल तर हॉटस्पॉट आपोआप बंद करण्याचा वीज वाचवण्याचा पर्याय असतो, तो बंद करायचा. शेवटचे काम झोपेचे. लॅपटॉप चार्जरला लावून ठेवायचा आणि पॉवरच्या सेटिंगमध्ये Sleep ला Never करायचे. नाही तर अर्ध्या तासाने लॅपटॉप झोपतो आणि सिनेमा तिथेच थांबतो.

आता टीव्हीवर हॉटेलचे वायफाय न निवडता लॅपटॉपच्या हॉटस्पॉटचे नाव निवडायचे आणि पासवर्ड भरायचा. जोडणी झाली की टीव्हीच्या नेटवर्क माहितीत आयपी पत्ता पाहायचा. तो 192.168.137 ने सुरू होत असेल, तर टीव्ही बरोबर लॅपटॉपच्या मागे आला आहे, कारण विंडोजचा हॉटस्पॉट साधारणपणे याच मालिकेतले पत्ते देतो. 169.254 ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर जोडणी अर्धवट आहे. लॅपटॉपने टीव्हीला पत्ताच दिलेला नाही. अशा वेळी हॉटस्पॉट बंद करून पुन्हा चालू करावा.

वेगाचे काय होते? एकच वायफाय कार्ड आळीपाळीने ऐकते आणि बोलते, त्यामुळे टीव्हीपर्यंत पोहोचणारा वेग बराच उतरतो, साधारण निम्म्यावर येतो असे धरून चालावे. म्हणजे वीसचे दहा. नेटफ्लिक्सच्या शिफारशीप्रमाणे फुल एचडी चित्राला ५ आणि फोर-के चित्राला १५ एमबीपीएस लागतात. दहामध्ये नागपूरच्या त्या खोलीत फुल एचडी आरामात चालेल, फोर-के चालणार नाही. हॉटेलच्या वायफायचा मूळ वेगच सहा-सात असेल तर मात्र चित्र अडखळेल. अशा वेळी लॅपटॉपच सरळ एचडीएमआय केबलने टीव्हीला लावावा. बाराशेची केबल लागत नाही, साधी चालते आणि त्यात वायफाय दुसऱ्यांदा वापरावे लागत नाही.

सगळे नीट लावूनही ते अडू शकते. हॉटस्पॉटचे नाव टीव्हीला दिसतच नसेल, तर बँड ५ गिगाहर्ट्झवर राहिला आहे. Mobile hotspot चे बटण दाबूनही चालू होत नसेल, तर एक तर लॅपटॉप कंपनीचा आहे आणि आयटी विभागाने ती सोय बंद केली आहे, नाही तर वायफाय कार्डाचा ड्रायव्हर जुना आहे. दोन दिवस छान चालून टीव्ही अचानक बंद पडला, तर आधी लॅपटॉपकडे पाहावे. बहुतेक वेळा हॉटेलने दिलेल्या लॉगिनची मुदत संपलेली असते आणि लॅपटॉपवर तेच पान पुन्हा आलेले असते. ते भरले की टीव्हीला हात न लावता चित्र सुरू होते.

आणखी एक बिघाड ओळखायला अवघड आहे. इंटरनेट आले, यूट्यूबचे चित्र मात्र येत नाही किंवा सुरक्षिततेची चूक दिसते. अशा वेळी टीव्हीचे घड्याळ पाहावे. लॉगिन होण्याआधी टीव्हीला इंटरनेटवरून वेळ घेता येत नाही. वीज गेल्यावर त्याचे घड्याळ जुन्या तारखेवर गेले असेल, तर कुलूपबंद साइटची प्रमाणपत्रे त्याला चुकीच्या काळातली वाटतात आणि तो जोडणी नाकारतो. तारीख-वेळ हाताने बरोबर केली की काम होते.

लॅपटॉप रात्रंदिवस चालू ठेवणे नको असेल, तर हेच काम खिशात मावणारा ट्रॅव्हल राउटर करतो. टीपी-लिंक, जीएल-आयनेट अशा कंपन्या ते बनवतात आणि ते यूएसबी चार्जरवर चालतात. राउटरला हॉटेलच्या वायफायचा ग्राहक बनवायचे, मग फोन राउटरला जोडून neverssl.com उघडायचे. लॉगिनचे पान आले की ओटीपी भरायचा. गेटवेच्या वहीत राउटरचा पत्ता चढतो आणि त्यामागे टीव्ही, फोन, टॅब असे कितीही जोडले तरी तो एकच उपकरण मोजतो. टीव्हीला राउटरचे नाव आणि पासवर्ड एकदाच शिकवावा लागतो, पुढच्या गावी टीव्हीला काही सांगावे लागत नाही. महिन्यातून दोनदा फिरणाऱ्यांनी हा खर्च जरूर करावा.

यात एका ठिकाणी लोक हमखास अडकतात. राउटरमध्ये व्हीपीएन किंवा 1.1.1.1 सारखा बाहेरचा डीएनएस आधीच लावलेला असतो आणि मग लॉगिनचे पान येतच नाही. कारण त्या पानाचे नाव बहुधा हॉटेलच्या आतल्या डीएनएसलाच माहीत असते. काही राउटर तर सुरक्षेसाठी आतल्या पत्त्याकडे नेणारी उत्तरे मुद्दाम फेकून देतात, DNS rebinding protection या नावाने ही सोय असते. लॉगिन होईपर्यंत हे सगळे बंद ठेवायचे आणि इंटरनेट आल्यावर पुन्हा चालू करायचे.

फोनचा मोबाइल डेटा हॉटस्पॉट करून टीव्ही लावणे सगळ्यांत सोपे, यात शंका नाही. एका रात्रीपुरते ते ठीकच आहे. पण नेटफ्लिक्सच्या आकडेवारीनुसार एचडी चित्राला तासाला तीन जीबीपर्यंत डेटा लागतो. दिवसाला दीड जीबीच्या पॅकमध्ये सिनेमाचे मध्यांतरही गाठता येत नाही. काही अँड्रॉइड फोन, लॅपटॉपप्रमाणेच, घेतलेले वायफाय हॉटस्पॉटवरून पुढे देतात. सॅमसंगच्या अनेक फोनमध्ये Wi-Fi sharing नावाचे बटण असते. ते असेल तर मोबाइल डेटा खर्च होत नाही. आयफोनला हे जमत नाही.

फोनवरून टीव्हीवर कास्ट करू, असे कुणी सुचवले तर आधी एक समजून घ्यावे. पाहुण्यांनी एकमेकांची उपकरणे पाहू नयेत म्हणून हॉटेलचे वायफाय त्यांना एकमेकांपासून तोडून ठेवते. टीव्ही आणि फोन दोन्ही लॉगिन झालेले असले तरी फोनला टीव्ही दिसत नाही. लॅपटॉपच्या हॉटस्पॉटवर किंवा ट्रॅव्हल राउटरवर दोघांना आणले की कास्ट चालते. हॉटेलच्या टीव्हीवरच कास्टसाठी क्यूआर कोड दिसत असेल, तर मात्र यातले काहीच करायची गरज नाही, तो स्कॅन करावा.

कॉलेजच्या वसतिगृहांची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि इथे आधी ओळख पटवावी लागते. फोनवर वायफाय निवडताच, पान न उघडता, तिथल्या तिथे युजरनेम आणि पासवर्ड दोन्ही मागितले, तर ते कॅप्टिव्ह पोर्टल नव्हे. ती एंटरप्राइझ पद्धतीची जोडणी आहे. बहुतेक टीव्हींना फक्त पासवर्डची चौकट माहीत असते, युजरनेमची नाही, म्हणून टीव्ही त्या नेटवर्कला जोडलाच जात नाही. तिथे neverssl.com चा उपयोग नाही. लॅपटॉपच्या हॉटस्पॉटचा मात्र आहे.

याउलट ब्राउझरमध्ये :8090 ने संपणाऱ्या पत्त्यावर लॉगिनचे पान येत असेल, तर ते बहुधा सायबरोम किंवा सोफोसच्या फायरवॉलचे असते. सायबरोम ही मूळची अहमदाबादची कंपनी, २०१४ मध्ये सोफोसने घेतली आणि आपल्याकडच्या अनेक कॉलेजांत तिचे पान पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहे. या पद्धतीत नोंद मॅक ॲड्रेसऐवजी आयपी पत्त्यावर होते आणि लॉगिनचे पान उघडे ठेवावे लागू शकते. ते पान मधूनमधून फायरवॉलला ‘मी आहे’ असा निरोप पाठवत राहते. लॅपटॉपवरचा तो टॅब बंद केला की थोड्या वेळाने इंटरनेट जाते आणि दोष टीव्हीला दिला जातो. तेव्हा तो टॅब तसाच राहू द्यावा.

वसतिगृहात स्वतःचा राउटर किंवा हॉटस्पॉट लावायला नियमाने बंदी असू शकते, ते आधी विचारावे. एकाच मजल्यावर वीस हॉटस्पॉट चालू झाले, तर २.४ गिगाहर्ट्झच्या वाहिन्या भरून जातात आणि सगळ्यांचेच वायफाय मंदावते, त्यामुळे बंदीला कारण असते. मात्र पाहुण्यांचे स्वतःचे मोबाइल हॉटस्पॉट मुद्दाम तोडण्याचा हक्क हॉटेलला नाही, असा निवाडा अमेरिकेत झालेला आहे. नॅशव्हिलच्या एका हॉटेलात असे केल्याबद्दल ऑक्टोबर २०१४ मध्ये तिथल्या दूरसंचार नियामकाने मॅरियट कंपनीला सहा लाख डॉलरचा दंड केला होता. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. दुसऱ्या पाहुण्याचा मॅक ॲड्रेस आपल्या उपकरणाला लावून आत शिरता येते, अशी माहिती कुठे ना कुठे मिळते. ते चोरीचे काम आहे. त्या पत्त्यावरून जे काही होईल ते त्या माणसाच्या मोबाइल नंबरवर नोंदले जाते, आणि सानपाड्यात दुसऱ्याच्या वायफायमुळे एका निरपराध माणसामागे चौकशी कशी लागली हे वर आलेच आहे.

खोली सोडताना हॉटेलच्या टीव्हीवर आपण उघडलेल्या प्रत्येक ॲपमधून साइन आउट करावे. गडबडीत राहून गेले तर फोनवरून नेटफ्लिक्स किंवा गूगलच्या खात्यात जाऊन, जोडलेल्या उपकरणांच्या यादीतून तो टीव्ही काढून टाकता येतो. टीव्हीचा मॅक ॲड्रेस आपल्या नावावर नोंदवला असेल, तर चेकआउटच्या वेळी ती नोंद रद्द करायला सांगावे. नाही तर पुढच्या पाहुण्याचा वापर आपल्या खात्यावर चढत राहतो.